रिडेम्प्शनचे पैसे आले नाहीत, तर पत्रात काय विचारायचं?



गेल्या अंकात फोलिओतल्या नॉमिनीबद्दल लिहिलं होतं. या वेळी त्याच फोलिओच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. पैसे गुंतवणं सोपं असतं, खरी परीक्षा ते परत मागताना होते. आपल्यापैकी बरेचजण पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात राहतात, आणि खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या आईवडिलांचे, काका-आत्यांचे फंड फोनवरून सांभाळतात. युनिट विकले, फंडाचा मेसेज आला, दोन-तीन दिवस गेले आणि बँकेत काहीच जमा नाही, हा अनुभव कधी ना कधी येतोच. अशा वेळी फंडाला पत्र लिहावं लागतं. ते कसं लिहायचं, हे गुंजीच्या माझ्या आत्याच्या उदाहरणावरून सांगतो. फंडाचं आणि बँकेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं.

आत्याने सोमवारी, 30 ऑक्टोबर 2023 रोजी सकाळी अकराच्या सुमारास एका इक्विटी फंडातले 1,80,000 रुपयांचे युनिट विकायला टाकले. मार्गशीर्षात माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. सोनाराकडे दागिन्यांचा भाव ठरवून थोडी रक्कम दिलेली होती, आणि उरलेले पैसे धनत्रयोदशीपर्यंत द्यायचे होते. त्या वर्षी धनत्रयोदशी 10 नोव्हेंबरला होती. हिशेबाने पैसे आठवडाभर आधीच यायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी ‘रिडेम्प्शन प्रोसेस झालं’ असा मेसेज आला, म्हणून ती निश्चिंत झाली. पण नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपला तरी खात्यात काही नाही. फंडाच्या फोनवर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर एकच, की तुमचं रिडेम्प्शन प्रोसेस झालेलं आहे, थोडं थांबा. 8 तारखेला तिचा मला फोन आला. “खानापूरला बँकेत दोनदा जाऊन आलो बघ. ते म्हणतात आमच्याकडं काय आलंच नाही. फंडवाले म्हणतात झालंय. मग पैसे गेले कुठं?”

तिचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि आपल्या पत्रात तोच प्रश्न असायला हवा.

‘प्रोसेस झालं’ याचा अर्थ

पैसे परत येण्याच्या वाटेवर चार टप्पे असतात. पहिला, तुमची विनंती फंडाकडे पोचते. दुसरा, त्या दिवसाच्या एनएव्हीने युनिट तुमच्या फोलिओतून वजा होतात. तिसरा, फंडाची बँक तुमच्या बँकेकडे पैसे पाठवते. चौथा, तुमची बँक ते खात्यात जमा करते. ‘प्रोसेस झालं’ हा मेसेज फक्त दुसऱ्या टप्प्याचा असतो. युनिट गेले, भाव ठरला, एवढंच त्यातून कळतं. पैसे निघाले की नाही, हे त्यात नसतं.

फोनवरच्या माणसाच्या स्क्रीनवरही बहुधा दुसरा टप्पाच ठळक दिसतो, म्हणून तो तेच पुन्हा सांगत राहतो. तो खोटं बोलत नसतो, पण आपल्या प्रश्नाचं उत्तरही देत नसतो. आपल्याला तिसऱ्या टप्प्याची माहिती हवी असते, आणि तिची खूण म्हणजे यूटीआर क्रमांक. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे निघाले की त्या व्यवहाराला एक क्रमांक मिळतो. एनईएफटीचा सोळा अक्षरांचा आणि आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा असतो. हा क्रमांक हातात असेल, तर तुमची बँक ते पैसे आले का, आले तर कुठे गेले, हे शोधू शकते. क्रमांक नसेल, तर बँकेतल्या खिडकीवरच्या माणसालाही खात्यात नोंद नाही यापलीकडे काही सांगता येत नाही. आत्याच्या दोन फेऱ्या त्यामुळेच वाया गेल्या.

त्यामुळे पैसे उशिरा येण्याचे दोन वेगळे प्रकार होतात. एकात फंडाने पैसे पाठवलेलेच नसतात. दुसऱ्यात पाठवलेले असतात, पण पोचत नाहीत, आणि बहुतेक वेळा फंडाकडेच परत जातात. एनईएफटीच्या नियमानुसार समोरच्या बँकेला पैसे जमा करता आले नाहीत, तर तिने ते दोन तासांत परत पाठवायचे असतात. म्हणजे पैसे अधांतरी फार काळ राहत नाहीत. आठवडा उलटूनही ते खात्यात नसतील, तर ते बहुधा फंडाच्या खात्यातच पडून असतात, फक्त तुम्हाला कोणी ते कळवलेलं नसतं.

तुम्ही एखाद्या अ‍ॅपमधून युनिट विकले असतील, तर अ‍ॅपवाल्यांवर रागावण्याआधी एक लक्षात घ्या. 1 जुलै 2022 पासून ब्रोकरने किंवा अ‍ॅपने गुंतवणूकदारांचे पैसे स्वतःच्या एकत्रित खात्यातून फिरवणं सेबीने बंद केलं आहे. रक्कम फंडाकडून थेट तुमच्या बँक खात्यात येते. म्हणून पत्र फंडालाच लिहायचं, आणि त्याची प्रत रजिस्ट्रारला पाठवायची. रजिस्ट्रार म्हणजे फंडाची खातेवही सांभाळणारी कंपनी. बहुतेक फंडांसाठी ती कॅम्स किंवा केफिनटेक असते. स्टेटमेंटवर तिचं नाव आणि पत्ता छापलेला असतो.

दिवस कसे मोजायचे

पत्र लिहिण्याआधी एक काम करावं लागतं, ते म्हणजे उशीर खरंच झालाय का, आणि किती, हे मोजणं. इथे लोक दोन मुदतींची गल्लत करतात.

सेबीने 25 नोव्हेंबर 2022 च्या परिपत्रकाने ही मुदत दहा कामाच्या दिवसांवरून तीन कामाच्या दिवसांवर आणली. मुख्यतः परदेशात गुंतवणूक करणाऱ्या योजनांना पाच दिवस मिळतात. ही झाली नियमातली मुदत. त्याशिवाय फंड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे अ‍ॅम्फीने, 1 फेब्रुवारी 2023 पासून इक्विटी योजनांचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचं ठरवलं. अ‍ॅपवर जी तारीख दिसते, ती बहुधा या दोन दिवसांच्या हिशेबाने असते. ती तारीख चुकली तर विचारणा जरूर करावी, पण नियमाने व्याज मागायचा हक्क तिसरा दिवस उलटल्यावर येतो.

मोजणी विनंतीच्या दिवसापासून नाही, तर ज्या दिवसाची एनएव्ही मिळाली त्या दिवसापासून सुरू होते. इक्विटी फंडात दुपारी तीनच्या आत विनंती गेली तर त्याच दिवसाची एनएव्ही मिळते, तीननंतर गेली तर पुढच्या कामाच्या दिवसाची. शुक्रवारी संध्याकाळी चारला विनंती टाकली, तर पहिला दिवस उजाडायलाच मंगळवार येतो. आत्याची विनंती सकाळची होती, म्हणून तिचा मूळ दिवस 30 ऑक्टोबर. पुढे 31 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर आणि 2 नोव्हेंबर असे तीन दिवस. म्हणजे गुरुवार, 2 नोव्हेंबर ही शेवटची तारीख.

यात आपल्या सीमाभागाचा एक खास मुद्दा येतो. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते. त्या बुधवारी कर्नाटकात बँका बंद होत्या, महाराष्ट्रात उघड्या होत्या, आणि मुंबईचा शेअर बाजारही चालू होता. अशा दिवसांसाठी अ‍ॅम्फीच्या नियमांत सवलत आहे. गुंतवणूकदाराचं बँक खातं ज्या राज्यात आहे, तिथे बँकेला सुट्टी असेल, तर फंडाला त्या सुट्टीनंतरचा एक कामाचा दिवस जास्त मिळतो. निपाणीच्या माणसाचं खातं निपाणीत असेल तर त्याला 1 नोव्हेंबर मोजावा लागतो, आणि त्याच्याच भावाचं खातं पलीकडे कागलला असेल तर नाही. उलट 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीला, महाराष्ट्रातल्या बँका बंद असतात आणि कर्नाटकातल्या चालू. घर कुठे आहे किंवा तुम्ही कुठे राहता याला इथे महत्त्व नाही, खात्याची शाखा कुठल्या राज्यात आहे ते बघायचं. एनईएफटी आता सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे पैसे प्रत्यक्षात वेळेवर येऊ शकतात, पण फंडाने ही सवलत सांगितली तर ती नियमात बसते.

दुसरी सवलत अशी, की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवता येत नसतील आणि चेक किंवा डीडी काढावा लागत असेल, तर फंडाला आणखी दोन कामाचे दिवस मिळतात. आत्याच्या बाबतीत मी फंडाच्या बाजूने सगळ्या सवलती धरून बघितल्या. 2 तारखेपुढे राज्योत्सवाचा एक आणि चेकचे दोन दिवस धरले, मधला शनिवार-रविवार सोडला, तरी 7 नोव्हेंबरला मुदत संपत होती. आत्याचा फोन 8 तारखेला आला. म्हणजे कुठल्याही हिशेबाने उशीर झालेला होता, आणि पत्र लिहिण्यात घाई होत नव्हती.

पत्र कोणाच्या मेलवरून जातं

तरुण मंडळींची गाडी इथे हमखास अडते. आपण आपल्याच मेलवरून लिहितो, की माझ्या आत्याचे पैसे आले नाहीत. फंड त्याला उत्तर देत नाही, किंवा नोंदणीकृत मेलवरून लिहा असं छापील उत्तर पाठवतो. दुसऱ्याच्या खात्याची माहिती तिऱ्हाइताला न देणं हे त्यांचं कर्तव्यच आहे, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पत्र फोलिओत नोंदलेल्या मेलवरूनच गेलं पाहिजे. घरात कोणाला मेल वापरता येत नसेल, तर खातेदाराने सही केलेलं पत्र स्कॅन करून पाठवावं. सही फोलिओतल्या सहीशी जुळणारी असावी.

आत्याच्या फोलिओत आतेबहिणीने उघडून दिलेला आत्याच्या नावाचा मेल होता. मजकूर मी लिहिला, आत्याने वाचून घेतला, आणि तो तिच्या मेलवरून गेला. स्टेटमेंटच्या शेवटी तक्रारीसाठीचा वेगळा मेल आणि इन्व्हेस्टर रिलेशन्स ऑफिसरचं नाव दिलेलं असतं. नेहमीच्या कस्टमर केअरला न लिहिता आम्ही तिथे लिहिलं. पत्र इंग्रजीत होतं, त्याचा मजकूर इथे मराठीत देतो.

विषय: रिडेम्प्शनची रक्कम मुदतीत जमा न झाल्याबाबत, फोलिओ क्रमांक अमुक, व्यवहार क्रमांक तमुक

“महोदय,

मी वरील फोलिओतून 30 ऑक्टोबर 2023 रोजी दुपारी तीनच्या आत 1,80,000 रुपयांचे युनिट विकण्याची विनंती केली. त्याच दिवसाच्या एनएव्हीने युनिट वजा झाल्याचा आपला मेसेज 31 ऑक्टोबरला मिळाला. आज 8 नोव्हेंबरपर्यंत रक्कम माझ्या बँक खात्यात जमा झालेली नाही. 30 ऑक्टोबरपासून आजपर्यंतचं खात्याचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे.

कृपया पुढील तीन गोष्टी लेखी कळवाव्यात.

1. रक्कम पाठवली असल्यास कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आणि कोणत्या आयएफएससी कोडवर पाठवली, आणि यूटीआर क्रमांक काय.

2. रक्कम परत आली असल्यास कोणत्या तारखेला आणि बँकेने दिलेलं कारण काय.

3. रक्कम पुन्हा कोणत्या तारखेला पाठवणार.

मुदतीनंतरच्या काळाचं सेबीच्या नियमानुसार वार्षिक 15 टक्के व्याज मूळ रकमेसोबत द्यावं. या पत्राचा तक्रार क्रमांक कळवावा.”

शेवटी आत्याचं नाव, पॅनचे शेवटचे चार आकडे आणि नोंदणीकृत मोबाइल. बस्स, एवढंच.

या पत्रात लग्न नाही, सोनार नाही, आणि आम्ही किती वर्षांचे ग्राहक आहोत हेही नाही. ते सगळं खरं होतं आणि आत्याला सर्वांत जास्त त्याचंच टेन्शन होतं. पण पत्र वाचणाऱ्या माणसाला त्यातून कुठलंच काम सुचत नाही. ‘लवकरात लवकर कार्यवाही करावी’ असं लिहिलं, की उत्तर येतं, कार्यवाही चालू आहे. ‘यूटीआर काय’ असं विचारलं, की त्याला फाइल उघडावीच लागते. क्रमांक असेल तर तो द्यावा लागतो, नसेल तर का नाही हे सांगावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट जोडायचं ते एवढ्यासाठी, की ‘आधी तुमची बँक तपासा’ हे उत्तर देता येऊ नये.

अकरा अक्षरांची भानगड

शुक्रवारी, 10 नोव्हेंबरला, ऐन धनत्रयोदशीच्या दिवशी उत्तर आलं. रक्कम 2 तारखेलाच, म्हणजे मुदतीत पाठवली होती. त्याच दिवशी ती परत आली होती. कारण फोलिओतला आयएफएससी कोड बंद झालेला होता. नवा कोड छापलेला आणि खातेदाराचं नाव असलेला रद्द केलेला चेक पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. आठ दिवस ते पैसे फंडाकडेच पडून होते, आणि तोवर आत्या बँकेत हेलपाटे घालत होती. सोनाराचे पैसे शेवटी तिने दिराकडून हातउसने घेऊन भागवले.

हा कोड बंद का झाला, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्या भागातल्या जुन्या फोलिओंना हा धोका आजही आहे. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, आणि शेवटची सहा शाखेची. बँकच दुसरीत विलीन झाली की पहिली चार अक्षरं बदलतात. उदाहरणार्थ, सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि `SYNB` ने सुरू होणारे तिचे सगळे कोड 1 जुलै 2021 पासून बंद झाले. नवे कोड `CNRB` ने सुरू होतात आणि जुन्या शाखा क्रमांकात दहा हजार मिळवलेले असतात. विजया बँक आणि देना बँक बँक ऑफ बडोदात गेल्या, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली, तेव्हाही कोड बदलले. अगदी अलीकडे, 1 मे 2025 रोजी, धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक आणि बळ्ळारीची कर्नाटक ग्रामीण बँक मिळून एकच ग्रामीण बँक झाली. खेड्यापाड्यांत या बँकेत खाती असलेली कितीतरी घरं आपल्या ओळखीत आहेत.

गंमत अशी, की अशा वेळी खातं तसंच चालू असतं. पेन्शन जमा होते, गॅसची सबसिडी येते, एटीएम चालतं. त्यामुळे काही बदललंय हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही. पण दहा वर्षांपूर्वीच्या फोलिओत जुना कोड तसाच बसलेला असतो, आणि युनिट विकायच्या दिवशी तो आडवा येतो. कधी रजिस्ट्रार यादी मिळवून कोड आपणहून बदलतो, कधी एखादा फोलिओ राहून जातो. आपला बदलला की राहिला, हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. फोलिओच्या स्टेटमेंटवर छापलेला कोड आणि सध्याच्या चेकबुकावरचा कोड शेजारी ठेवून बघायचे.

पण हे काम युनिट विकायच्या बरंच आधी करावं. विक्रीच्या तोंडावर बँकेचा तपशील बदलला, तर फसवणूक टाळण्यासाठी फंड दहा दिवसांपर्यंत पैसे थांबवू शकतो, आणि तो उशीर नियमाबाहेरचा धरला जात नाही. घरात लग्न, अ‍ॅडमिशन किंवा ऑपरेशन ठरलं, की त्याच आठवड्यात कोड तपासून घेतलेला बरा.

व्याज किती, आणि कशाचं

चेक त्याच संध्याकाळी पाठवला. मध्ये दिवाळी आली. शुक्रवारी, 17 तारखेला, दुसरं पत्र गेलं. त्यात पहिल्या पत्राचा तक्रार क्रमांक आणि एकच प्रश्न होता, की रक्कम कोणत्या तारखेला निघणार. मंगळवारी, 21 नोव्हेंबरला 1,80,000 रुपये जमा झाले, आणि या वेळी यूटीआर न मागता आला. व्याज मात्र आलं नव्हतं.

व्याजाचा हिशेब घरी करता येतो. रकमेच्या 15 टक्के काढायचे, 365 ने भागायचं आणि उशिराच्या दिवसांनी गुणायचं. 1,80,000 चे 15 टक्के म्हणजे 27,000. दिवसाला साधारण 74 रुपये. 2 नोव्हेंबरपासून मोजलं तर 19 दिवसांचे 1,405 रुपये होतात. आम्ही तेवढे मागितले. फंडाने उत्तर दिलं, की कोड चालत नसल्यामुळे आणि राज्यातल्या सुट्टीमुळे त्यांना 7 तारखेपर्यंत मुदत होती. म्हणून त्यांनी 14 दिवसांचे 1,036 रुपये दिले. ते डिसेंबरच्या सुरुवातीला जमा झाले.

वाद पुढे नेता आला असता. पण त्यांची मोजणी मी स्वतः धरलेल्या सवलतींशी जुळत होती, म्हणून आत्याला सांगितलं की हे योग्य आहे. पहिल्यांदा पैसे परत आले ते जुन्या कोडमुळे, ते फंडाच्या हातात नव्हतं. पण परत आलेले पैसे पुढे कसे पाठवायचे ते त्याच आठवड्यात न विचारणं, हे फंडाच्या हातात होतं, आणि व्याज त्याचं होतं. हे व्याज फंड कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचं असतं, योजनेच्या पैशातून देता येत नाही. म्हणजे ते मागितल्याने दुसऱ्या गुंतवणूकदारांचं नुकसान होत नाही. रक्कम लहान असली तरी संकोच करू नये. व्याज द्यावं लागलं की त्या उशिराची माहिती कंपनीला सेबीकडेही द्यावी लागते, आणि कंपनीला हजार रुपयांपेक्षा ते जास्त जड जातं.

पत्राने काम झालं नाही तर

फंडाकडून उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर सेबीच्या स्कोअर्स या पोर्टलवर तक्रार करता येते. पत्ता `scores.sebi.gov.in`. 1 एप्रिल 2024 पासून त्याची नवी पद्धत सुरू आहे. तक्रार आपोआप फंडाकडे जाते आणि त्याला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर 15 दिवसांत फेरविचार मागायचा. तो आधी अ‍ॅम्फीकडे जातो आणि त्यानंतरही समाधान झालं नाही तर सेबीकडे. मूळ घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. पण स्कोअर्सवर पहिलाच प्रश्न असतो, की तुम्ही आधी फंडाला लिहिलं होतं का. म्हणून पहिल्या पत्राची तारीख आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचे. फोनवर कितीही वेळा बोललात तरी त्याची अशी नोंद तुमच्या हातात राहत नाही.

दोन ठिकाणी मात्र हे पत्र उपयोगी पडत नाही. केवायसी अपुरं असल्यामुळे किंवा सही न जुळल्यामुळे विनंतीच नाकारली गेली असेल, तर मुदत सुरूच झालेली नसते. ओळखायची खूण सोपी आहे. फोलिओतले युनिट कमी झालेत का ते बघा. युनिट तसेच असतील, तर पैसे अडकलेले नाहीत, विनंती अडकली आहे. तिथे आधी केवायसी दुरुस्त करावं लागतं. दुसरं म्हणजे योजनाच थांबवली गेली तर. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातून पैसे काढणंच थांबलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि रोखे विकले जातील तसे पैसे टप्प्याटप्प्याने मिळत गेले. अशा वेळी तीन दिवसांचा नियम आणि यूटीआरचा प्रश्न दोन्ही लागू पडत नाहीत.

बाकी सगळ्या वेळी मात्र आधी युनिट वजा झाले का ते बघा, मग तुमच्या शाखेच्या राज्यातल्या सुट्ट्या धरून तीन दिवस मोजा, आणि चौथ्या दिवशी नोंदणीकृत मेलवरून यूटीआर विचारा. या दिवाळीला गावी जाल तेव्हा घरच्या जुन्या फोलिओंची स्टेटमेंट आणि चेकबुक एकदा शेजारी ठेवून बघा. कोड जुना निघाला तर बदलायचा अर्ज तिथेच, खातेदाराची सही हाताशी असतानाच भरून टाका.